रिप्लेत दिसतो, खेळात दिसत नाही

मी पुण्याहून कराडला गेले तेव्हा आयपीएलचे दिवस होते. संध्याकाळी साडेसातला घरात शिरले, तर हॉलमधला ५५ इंची टीव्ही बंद आणि बाबा घरात नाहीत. आई म्हणाली, "शेजारी गेलेत, काकूंकडे. मॅच बघायला." काकूंकडे अजून जुना २१ इंची डबा टीव्ही आहे, मागे पोट असलेला. आदल्या दिवाळीत मी हौसेनं आणून दिलेला फोर के टीव्ही घरात, आणि बाबा शेजारच्या डब्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत. मला वाईट वाटलं. परत आल्यावर विचारलं तर ते एवढंच म्हणाले, "अगं, तुझ्या टीव्हीवर माणसं छान दिसतात. चेंडू दिसत नाही."

बाबांनी तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या सामन्यांत बावीस वर्षं पंचगिरी केली. दिवसभर उन्हात उभं राहून चेंडू बघणं हेच त्यांचं काम होतं. तरीही माझ्या मनात पहिला विचार आला तो मोतीबिंदूचा. दुसऱ्याच दिवशी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली, भिंगं जागच्या जागी, दूरची नजर उत्तम. बाहेर पडताना बाबा म्हणाले, "रिप्लेत मला चेंडू स्वच्छ दिसतो. खेळ चालू असताना दिसत नाही. डोळे बिघडले असते तर रिप्लेत तरी कसा दिसला असता?"

मी पंधरा वर्षं व्हिडिओ एडिटिंग करते. फ्रेम, फील्ड, शटर हे माझे रोजचे शब्द. हे वाक्य ऐकल्यावर डोळ्यांचा संशय तिथेच संपला, आणि ते मला आधी सुचलं नाही याची खंत वाटली. रिप्लेचा कॅमेरा सेकंदाला काही शे फ्रेम टिपतो आणि त्याच फ्रेम नेहमीच्या वेगानं आपल्याला दाखवल्या जातात, म्हणून दोन फ्रेममध्ये चेंडू पडद्यावर जेमतेम सरकतो. थेट खेळात तोच चेंडू प्रत्येक फ्रेमला लांब उडी मारतो. चित्रात किती ठिपके आहेत याचा इथे संबंध नव्हता. वेळ कशी हाताळली जाते, हा प्रश्न होता. पुढचे चार दिवस मी आणि बाबा त्या टीव्हीसमोर बसलो. यंत्र म्हणून माझ्याकडे फक्त मोबाइल होता. खरं मोजमाप बाबांच्या डोळ्यांनी केलं.

मी त्यांना सांगितलं, चेंडू दिसत नाही एवढंच म्हणू नका. कसा दिसत नाही ते सांगा. तीन षटकं शांत बघून त्यांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. सेट-टॉप बॉक्सवरून बघताना कॅमेरा सीमारेषेकडे वळला की चित्र अडखळतं. त्याच वेळी सीमेवरच्या जाहिरातींचा आणि धावणाऱ्या क्षेत्ररक्षकाच्या पाठीवरच्या नंबराचा फराटा होतो. आणि टीव्हीतल्या अ‍ॅपवरून बघताना चेंडू कधी दोन दिसतात, कधी मधेच गायब होतो. एका खोलीतली एकच तक्रार म्हणून मी जे ऐकत होते, ते खरं तर तीन निरनिराळे दोष होते, आणि तिघांची कारणं वेगळी निघाली.

आधी अडखळण्याचं. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, आणि टीव्ही प्रक्षेपणाची मापं त्याच आकड्यावर बसवली गेली. क्रिकेटची एचडी वाहिनी आजही सेकंदाला ५० वेळा चित्र पाठवते. खरं म्हणजे ती ५० अर्धी चित्रं असतात, एकदा विषम ओळी आणि एकदा सम ओळी. त्यांतून बॉक्स किंवा टीव्ही पूर्ण चित्रं उभी करतो. तर मुळात हालचालीचे ५० टप्पे येतात. अमेरिकेत हा आकडा ६० आहे, आणि संगणकाच्या दुनियेतही तोच रुळला आहे. बाबांकडे आहे तो नव्या प्रकारचा, अ‍ॅपसकट येणारा सेट-टॉप बॉक्स. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं, तर आउटपुटवर लिहिलं होतं: 2160p 60Hz, म्हणजे २१६० ओळींची चित्रं, सेकंदाला ६०. बसवून देणाऱ्यानं सर्वांत मोठा आकडा निवडला असावा किंवा तो मुळातच तसा आला असावा.

आता ५० टप्पे ६० खणांत बसवायचे तर काय करणार? पाच चित्रांची सहा करावी लागतात, म्हणजे दर पाचव्या चित्राची एक नक्कल. सेकंदाला दहा वेळा चित्र एक क्षण थांबतं आणि मग पुढे जातं. स्थिर दृश्यात हे कळतही नाही. गोलंदाज रनअपच्या टोकाला उभा आहे, फलंदाज हातमोजे सारखे करतोय, तेव्हा चित्र सुंदरच दिसतं. पण चेंडू कव्हरमधून सुटला आणि कॅमेरा त्याच्यामागे वळला की ते दहा धक्के डोळ्याला लागतात, कारण अख्खं मैदान एका लयीत सरकायला हवं आणि ते तसं सरकत नाही.

हे ओळखायला क्रिकेटची वाट बघायचीही गरज नाही. मराठी बातम्यांची वाहिनी लावायची आणि खालून सरकणारी बातम्यांची पट्टी बघायची. ती पाण्यासारखी सरकली तर ठीक, ठेचकाळत गेली तर कुठेतरी ५० आणि ६० ची गाठ पडली आहे. मी मोबाइल स्लो-मोशनवर, सेकंदाला २४० फ्रेमवर ठेवला आणि त्या पट्टीचं दहा सेकंद चित्रीकरण केलं. मग एकेक फ्रेम पुढे सरकवत बाबांना दाखवलं. ६० हर्ट्झच्या पडद्याचं प्रत्येक चित्र मोबाइलच्या चार फ्रेम टिकतं. एका अक्षरावर बोट ठेवून मोजत गेलो: चार फ्रेमनंतर अक्षर सरकलं, पुन्हा चारनं सरकलं, पुन्हा चार, पुन्हा चार, आणि मग आठ. आठ फ्रेम ते अक्षर जागचं हललं नाही. पुन्हा चार, चार, चार, चार, आठ. बाबा मोबाइलवर वाकून म्हणाले, "हाच तो. हाच धक्का मला बसतो."

बॉक्सचं आउटपुट 1080p 50Hz केलं. पडदा क्षणभर काळा झाला, परत आला, आणि पट्टी सरळ सरकू लागली. ६० हर्ट्झचे म्हणून विकले जाणारे बहुतेक टीव्ही ५० चा सिग्नल आला की स्वतः ५० वर चालतात, त्यामुळे नक्कल करायचा प्रश्नच उरत नाही. वाहिनी मुळात 1080 ओळींचीच आहे, म्हणून 2160p सोडल्यानं काही गमावलं नाही. चित्र मोठं करायचं काम बॉक्सऐवजी टीव्ही करू लागला इतकंच. काही बॉक्समध्ये 1080i 50Hz असाही पर्याय असतो. त्यात अर्धी चित्रं जोडण्याचं काम टीव्हीकडे जातं, आणि चांगल्या टीव्हीत ते बॉक्सपेक्षा नीट होतं. दोन्ही लावून बघावं. जोडणी वाईट असेल तर बॅटच्या किंवा धावणाऱ्या पायांच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात. बाबांच्या टीव्हीत फरक जाणवला नाही, म्हणून 1080p ठेवलं.

त्या रात्री बाबा काकूंकडे गेले नाहीत. पण बाराव्या षटकात म्हणाले, "धक्के गेले. फराटा आहे तसाच आहे."

फराट्याचं कारण समजून घ्यायला काकूंच्या डब्यापाशी जावं लागतं, आणि इथे बाबांचं निरीक्षण मला अजून थक्क करतं. त्या जुन्या टीव्हीत ठिपके कमी, रंग विटलेले, पडदा लहान. तरी चालत्या खेळात चेंडू तिथे अधिक स्वच्छ दिसतो असं ते म्हणत होते, आणि ते बरोबर होतं. डबा टीव्हीत मागून येणारा इलेक्ट्रॉनचा झोत पडद्याच्या एका बिंदूवर आदळतो, तो बिंदू एक-दोन मिलिसेकंद चमकतो आणि विझतो. पुढच्या चित्राची पाळी येईपर्यंत ती जागा काळी असते. म्हणजे डोळ्याला चेंडू मिळतो तो टिचकीसारखा, आत्ता इथे, मग तिथे. मधल्या वेळात काही नाही.

एलईडी म्हणून विकला जाणारा एलसीडी टीव्ही असो की ओएलईडी, आजचा पडदा तसं करत नाही. एक चित्र आलं की पुढचं येईपर्यंत तो ते धरून ठेवतो. ५० हर्ट्झला पूर्ण २० मिलिसेकंद. आता आपला डोळा काय करतो ते बघा. सरकणाऱ्या वस्तूमागे डोळा अखंड सरकतो, टप्प्याटप्प्यानं नाही. पडद्यावरचं चित्र २० मिलिसेकंद जागीच उभं आणि डोळा मात्र पुढे चाललेला, त्यामुळे ते उभं चित्र डोळ्याच्या पडद्यावर फासलं जातं. फराटा टीव्हीच्या काचेवर नसतो, आपल्या डोळ्यात तयार होतो.

किती, ते बाबांच्याच टीव्हीवर काढून दाखवते. ५५ इंची पडद्याची रुंदी सुमारे १२१ सेंटीमीटर. कव्हर ड्राइव्हनंतर कॅमेरा वळतो तेव्हा सीमेवरचा एखादा जाहिरात फलक पडद्याच्या या कडेपासून त्या कडेला जायला समजा दीड सेकंद लागतो. म्हणजे तो सेकंदाला सुमारे ८० सेंटीमीटर वेगानं सरकतो. २० मिलिसेकंदांत १.६ सेंटीमीटर. त्या फलकावरचं प्रत्येक अक्षर दीड सेंटीमीटरहून जास्त फासलं जाणार. क्षेत्ररक्षकाच्या पाठीवरचा नंबर त्या वेळी पडद्यावर इतकाच, दीड-दोन सेंटीमीटर रुंद असतो. मग तो वाचता कसा येणार? आणि फोर के असण्याचा इथे काडीचा उपयोग नाही. ठिपके दुप्पट बारीक केले तर तोच फराटा दुप्पट ठिपक्यांवर पसरतो, लांबी तीच राहते. डबा टीव्हीत तोच बिंदू जेमतेम २ मिलिसेकंद चमकतो, म्हणून त्याच वेगाला फराटा दहाव्या हिश्शाचा होतो.

हा दोष कॅमेऱ्याचा की टीव्हीचा, हेही घरी कळतं. क्षेत्ररक्षक धावत असताना पॉज करा. थांबलेल्या चित्रात नंबर धूसर असेल तर कॅमेऱ्याचं शटरच तितका वेळ उघडं होतं, तुमचा टीव्ही त्याला काही करू शकत नाही. प्रकाशझोतातल्या सामन्यात असं बरेचदा होतं. पण थांबवल्यावर नंबर स्वच्छ आणि चालू केल्यावर धूसर, असं असेल तर दोष पडद्याने चित्र धरून ठेवण्याचा आहे. आम्ही दुपारच्या सामन्यात पाच-सहा वेळा पॉज केलं. चित्र दर वेळी स्वच्छ होतं.

यावरचा एक उपाय टीव्हीतच असतो: दोन चित्रांच्या मध्ये काळं चित्र घालायचं, म्हणजे पुन्हा डब्यासारखी टिचकी. वेगवेगळ्या कंपन्या त्याला वेगळी नावं देतात, सेटिंगमध्ये बहुधा Clear Motion किंवा तत्सम काही दिसतं. बाबांच्या टीव्हीत ते होतं. लावल्याबरोबर नंबर वाचता आला, हे खरं. पण उजेड निम्म्यावर आला आणि ५० हर्ट्झला पडदा लुकलुकू लागला. हिरव्यागार मैदानाचा मोठा उजळ भाग असा लुकलुकतो तेव्हा डोळ्यांवर ताण येतो. सेकंदाला ६० वेळा ते सोसवतं, ५० ला फार जाणवतं, आणि आपल्याकडचं क्रिकेट ५० चंच आहे. बाबांनी एक षटक बघितलं आणि कपाळ चोळत म्हणाले, "बंद कर." केलं.

दुसरा उपाय म्हणजे १२० हर्ट्झचा पडदा, आणि इथे मला विक्रेत्यावरचा राग सांगितलाच पाहिजे. टीव्ही घेताना दुकानातल्या माणसानं मला "मोशन रेट १२०" असं छापलेला कागद दाखवला होता. मी तो रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा, समजले. घरी येऊन मॅन्युअलच्या शेवटी कोणकोणते सिग्नल चालतात त्याचा तक्ता असतो तो पाहिला, तर सर्वांत वरचा आकडा 3840 x 2160 60Hz. मोशन रेट हा पडद्याचा वेग नव्हेच. पडदा अधिक चित्रप्रक्रिया यांची बेरीज करून बनवलेला तो जाहिरातीचा आकडा. विकत घेताना विचारायचं ते एकच: पॅनलचा मूळ, म्हणजे नेटिव्ह, रिफ्रेश रेट किती? उत्तर ६० की १२०? मधलं काही नसेल. १४४ असेल तर तोही चालतो.

पण १२० चा पडदा आणला म्हणजे फराटा आपोआप जातो, असंही नाही, आणि हे दुकानात कुणी सांगत नाही. ५० चित्रं १०० वेळा दाखवायची म्हणून प्रत्येक चित्र नुसतं दोनदा दाखवलं, तर ते २० मिलिसेकंदच धरलं गेलं. फराटा जसाच्या तसा. तो अर्धा होतो तो दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये टीव्हीनं नवं, मधल्या जागेचं चित्र रचून घातलं तरच. या रचण्याला इंटरपोलेशन म्हणतात, पेटीवर एमईएमसी अशीही अक्षरं असतात. आणि बाबांची तिसरी तक्रार, गायब होणारा चेंडू, नेमकी इथेच जन्माला येते.

बाबांचा पडदा ६० चा. ५० चित्रं येत असताना मध्ये काही घालायला त्याच्याकडे खणच रिकामे नसतात. पण अ‍ॅपवरून येणारं प्रक्षेपण त्या दिवशी सेकंदाला २५ फ्रेमचं होतं. असं अ‍ॅपवर होत असतं, दर्जा आणि नेट बघून ५० ही मिळतात, २५ ही मिळतात. २५ म्हणजे चेंडूच्या दृष्टीनं काय ते बघा. ताशी १४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ ३९ मीटर. हातातून सुटून फलंदाजापर्यंत यायला साधारण अर्धा सेकंद. ५० फ्रेमच्या प्रक्षेपणात त्या अर्ध्या सेकंदाची २५ चित्रं मिळतात, दोन चित्रांत चेंडू ७८ सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. २५ फ्रेममध्ये फक्त बारा-तेरा चित्रं, आणि उडी दीड मीटरहून मोठी. टप्पा पडला तो क्षण दोन चित्रांच्या मध्ये हरवून जाऊ शकतो. टप्पा लेगस्टंपच्या बाहेर होता की रेषेत, हे बघायची सवय असलेल्या माणसाला तेच तर बघायचं असतं.

इंटरपोलेशन बंद ठेवलं की टीव्ही या २५ चित्रांतलं प्रत्येक चित्र दोनदा दाखवतो. डोळा चेंडूबरोबर पुढे चाललेला असताना तेच चित्र दुसऱ्यांदा जुन्या जागी उमटतं, म्हणून एकाच्या मागे एक असे दोन चेंडू दिसतात. बाबांचे दोन चेंडू ते हेच. इंटरपोलेशन लावलं की टीव्ही मधलं चित्र रचू पाहतो, आणि त्यासाठी त्याला ठरवावं लागतं की आधीच्या चित्रातली कुठली गोष्ट पुढच्या चित्रात कुठे गेली. तो चित्राचे लहान लहान चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोन कुठे सरकला ते शोधतो.

आता कव्हर ड्राइव्ह घ्या. चेंडू ताशी १०० नं चाललाय, म्हणजे सेकंदाला २८ मीटर. कॅमेऱ्याच्या चौकटीत मैदानाची ३० मीटर रुंदी मावली आहे असं धरू. १९२० ठिपक्यांत ३० मीटर, म्हणजे मीटरला ६४ ठिपके. ७ सेंटीमीटरचा चेंडू होतो साडेचार-पाच ठिपक्यांचा, आणि २५ फ्रेमला तो गवताच्या तुलनेत एका उडीत ७० ठिपके जातो. स्वतःच्या आकाराच्या पंधरापट. ज्या चौकोनात चेंडू आहे त्याचा मोठा भाग गवताचाच असतो. टीव्ही शोधतो तो गवताची चाल, ती त्याला सापडते, आणि रचलेल्या चित्रात चौकोन गवताच्या चालीनं जातो. पाच ठिपक्यांचा चेंडू त्यात विरतो. पुढच्या खऱ्या चित्रात तो पुन्हा उगवतो. डोळ्याला दिसतं ते आहे-नाही-आहे-नाही. बॅटच्या वेगवान टोकाभोवतीही असंच होतं, तिथे पाण्यातून बघितल्यासारखी थरथरती कड दिसते. सिनेमात माणसाचा चेहरा हळू वळतो तेव्हा हीच युक्ती छान चालते, कारण वस्तू मोठी आणि उडी लहान. क्रिकेटचा चेंडू यासाठी सर्वांत वाईट गिऱ्हाईक आहे.

चेंडू खाणारं आणखी एक सेटिंग सापडलं, आणि ते मला सर्वांत जिव्हारी लागलं. Noise Reduction. हे एकापाठोपाठच्या चित्रांची तुलना करतं आणि जे एकाच चित्रात चमकून जातं त्याला कचरा समजून पुसतं. हिरवळीवरचा पांढरा बारीक ठिपका, जो प्रत्येक चित्रात नव्या जागी आहे, तो त्याच्या लेखी कचराच. दुकानातून आलेल्या टीव्हीत हे बहुधा Auto वर असतं. बाबांच्या टीव्हीत ते Noise Reduction आणि MPEG Noise Reduction अशा दोन नावांनी होतं. दोन्ही Off केली. चेंडू लगेच ठसठशीत झाला, बॉक्सवरही आणि अ‍ॅपवरही. चार दिवसांतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठा फरक हाच होता.

Sports नावाचा मोड मात्र लावू नका. आम्ही लावून पाहिला. रंग भडक, गवत विषारी हिरवं, कडा कृत्रिम तीक्ष्ण, आणि इंटरपोलेशन पूर्ण जोरावर. त्या मोडमध्ये बाबांना एका षटकात दोन चेंडू सापडलेच नाहीत. Standard किंवा Cinema घेऊन त्यातली हालचालीची सेटिंगं स्वतः बदललेली बरी.

परत यायच्या आधीच्या रविवारी आम्ही ठाण्याला दादाकडे गेलो. त्याच्याकडे खऱ्या १२० हर्ट्झचा टीव्ही आहे. एचडी वाहिनी, बॉक्स ५० वर. हालचालीच्या सेटिंगमध्ये बऱ्याच टीव्हींत De-judder आणि De-blur अशा दोन पट्ट्या असतात. पहिली सिनेमाच्या २४-२५ फ्रेमसाठी, दुसरी आपल्या ५० साठी. पहिली शून्यावर ठेवली, दुसरी एकेक पायरीनं वाढवत गेले आणि बाबांना काय दिसतं ते विचारत राहिले. तीनवर ते म्हणाले, "थांब." मिडविकेटवरून धावणाऱ्या मुलाच्या पाठीवरचा नंबर त्यांनी वाचला. सातवर वाढवल्यावर म्हणाले, "आता नंबर छान, पण चेंडूला शेपटी फुटली." पुन्हा तीनवर आणलं. इथे जमलं कारण रचायला आधार म्हणून चित्रं ५० होती. चेंडूची उडी २५ च्या निम्मी, त्यामुळे टीव्हीचा अंदाज कमी चुकतो. तरी कट मारल्यावर पॉइंटमधून गेलेले एक-दोन चेंडू तिथेही विरले. त्याला इलाज नाही.

दादाचा टीव्ही ओएलईडी आहे. त्याचा ठिपका उजेड बदलायला एक मिलिसेकंदही घेत नाही. बाबांच्या एलसीडीत गडद रंग बदलायला वेळ लागतो, म्हणून संध्याकाळी स्टँडची सावली मैदानावर पडली आणि चेंडू उन्हातून सावलीत शिरला की त्याच्यामागे काळसर डाग रेंगाळतो. लाल चेंडूच्या सामन्यात हे जास्त दिसतं. पण ओएलईडीही चित्र धरूनच ठेवतो, त्यामुळे धरण्याचा फराटा दोन्हीकडे सारखाच. दादाचा असा समज होता की त्याच्या टीव्हीत फराटा असूच शकत नाही. De-blur शून्यावर नेऊन दाखवलं तेव्हा तो गप्प बसला.

बाबांचा टीव्ही बदलायचा का, हे मी ठाण्याहून परतताना गाडीत विचारलं. ते नको म्हणाले. बॉक्स ५० वर, Noise Reduction बंद, मॅच बॉक्सवरूनच. वळणाऱ्या कॅमेऱ्यात नंबर वाचता येत नाही, पण मुख्य कॅमेरा गोलंदाजाच्या मागे असतो. तिथे चेंडू आपल्यापासून दूर जातो, पडद्यावर आडवा फारसा सरकत नाही, म्हणून फराटाही थोडा. त्यांना बघायचा असतो तो टप्पा, आणि तो आता दिसतो. मी मात्र पुढचा टीव्ही घेईन तो मॅन्युअलमधला तक्ता वाचूनच.

परवा रात्री नऊला त्यांचा फोन आला. पलीकडून समालोचनाचा आवाज येत होता.

"आज पुन्हा चेंडू दोन दिसतायत गं."

"बाबा, बॉक्स लावलाय की अ‍ॅप?"

"पाऊस आहे. सिग्नल जात होता, म्हणून आईनं अ‍ॅप लावून दिलं."

"मग पंचवीस फ्रेम येत असतील. पाऊस ओसरला की बॉक्सवर जा."

"बरं. तोवर काकूंकडे बसतो," ते म्हणाले, आणि फोन ठेवायच्या आधीच चप्पल शोधायला लागले.